मीठ पडलं की मीठ घातलंस

आमटीचा पहिला भुरका घेतला आणि जीभ आक्रसली. पंगतीला चार जण आहेत, त्यांतला एक पाहुणा. जिनं आमटी केली ती भाताचं पातेलं घेऊन समोरच उभी आहे. आता तोंडातून काय निघतं ते बघा. एक जण म्हणतो, "मीठ जास्त घातलंस." दुसरा म्हणतो, "आमटीत मीठ जरा जास्त पडलंय का गं?" तिसरा डोळे मिचकावत म्हणतो, "आज बाजारात मीठ स्वस्त झालं वाटतं!" चौथा काहीच बोलत नाही, थोडा जास्तीचा भात घेतो आणि कालवून गिळून टाकतो.

पहिल्या दोन वाक्यांतला फरक लहान मूलही ओळखतं, पण तो नेमका कशात आहे हे क्वचितच कुणी सांगतं. फरक क्रियापदात आहे. 'घातलंस'मध्ये कर्ता आहे, त्याचा हात आहे, चूकही त्याचीच आहे. 'पडलं'मध्ये मीठ आपलं आपण पडलेलं आहे. कुणी टाकलं नाही, कुणी ओतलं नाही, पाऊस पडावा तसं ते पडलं. मराठीत अशा जोड्या ढिगानं आहेत. कप फोडला आणि कप फुटला, उशीर केलास आणि उशीर झाला, दूध उतू घालवलंस आणि दूध उतू गेलं. दोन्हींत माहिती तीच असते, फक्त दुसऱ्यात आरोपी उभा नसतो. वर 'जरा' आहे, शेवटी 'का' लावून विधानाचा प्रश्न केलेला आहे, आणि 'गं' आहेच. सात शब्दांच्या वाक्यात चार ठिकाणी सुरी बोथट केलेली आहे, आणि तरीही मीठ जास्त झालंय हे कळायचं राहत नाही.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की टीका मऊ करायची म्हटली की बहुतेकांना तिसऱ्याचा मार्ग आठवतो, म्हणजे विनोद. वास्तविक विनोदाच्या अलीकडे भाषेनं बरीच सोय करून ठेवली आहे आणि ती विनोदापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. 'पडलं'नं कुणी दुखावल्याचं सहसा ऐकायला मिळत नाही. 'स्वस्त झालं वाटतं'नं दुखावलेले लोक मात्र घरोघरी सापडतील.

जे राखायचं असतं त्याला आपण तोंड म्हणतो, नाक म्हणतो, मान म्हणतो. कुणी तोंडघशी पडतो, कुणाचं नाक कापलं जातं, कुणाचा पाणउतारा होतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1955 साली या गोष्टीला 'फेस' म्हटलं. चारचौघांत माणूस स्वतःची जी प्रतिमा धरून वावरतो ती, आणि ती सांभाळायची जबाबदारी एकट्या त्याची नसून समोरच्यांचीही असते. पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी 1978 साली त्यावर एक चौकट बांधली. तिचं सामान मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषेतून, इंग्रजीतून आणि आपल्या शेजारच्या तमिळमधून, कोइम्बतूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेलं होतं. त्यांचा हिशेब साधा होता. एखादं बोलणं किती जड जाईल हे तीन गोष्टींच्या बेरजेवर ठरतं: दोघांमधलं अंतर, ऐकणाऱ्याचा बोलणाऱ्यावर असलेला अधिकार, आणि त्या समाजात ती गोष्टच मुळात किती जड मानली जाते. बेरीज जितकी मोठी, तितकं आडून बोलायचं.

या चौकटीत विनोद दोन जागी बसतो, आणि सगळी गोम तिथंच आहे. एका जागी तो जवळीक दाखवतो: आपण एकमेकांतले, तुझी-माझी चेष्टा चालते. दुसऱ्या जागी तो आडून बोलणं आहे, म्हणजे असं बोलणं की नंतर 'मी तसं म्हटलंच नव्हतं' असं म्हणता यावं. पहिल्या जागी बसायला जवळीक आधीपासून असावी लागते. ती नसताना केलेली चेष्टा ही टीकेवर चढवलेली दुसरी आगळीक ठरते. खारट आमटीबद्दल टोकलंच, शिवाय न दिलेला सलगीचा हक्कही घेतला.

दुसऱ्या जागेबद्दल एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. आडून बोलण्यात पळवाट असते हे खरं, पण ती दोघांना मिळू शकते. बोलणाऱ्याला 'मी तसं म्हटलं नाही' असं म्हणता येतं, आणि ऐकणाऱ्याला आपण होऊन काही करायची संधी मिळते. "खोलीत फार उकडतंय नाही?" असं म्हटलं, की यजमान उठून खिडकी उघडतो. त्याला कुणी हुकूम दिला नाही, त्यानं स्वतःहून पाहुण्याची काळजी घेतली, आणि त्याचा मान एका पायरीनं वर गेला. टीकेतला विनोद तपासताना मी तरी एवढंच बघेन, की यात पळवाट कुणासाठी ठेवली आहे. ऐकणाऱ्याला बाहेर पडता येत असेल तर नातं टिकतं. फक्त बोलणाऱ्यालाच बाहेर पडता येत असेल तर तो शालजोडीतला जोडा आहे. शाल बोलणाऱ्याची अब्रू झाकते, जोडा ज्याला बसायचा त्याला बसतोच.

आता एक प्रसंग नीट उलगडून बघू. कार्यालयात दर मंगळवारी साडेदहाला बैठक असते. आठ जण बसतात. धाकटा सहकारी सलग तिसऱ्या आठवड्यात पावणेअकराला दार ढकलतो. विभागप्रमुख म्हणतात, "या, या! आता प्रसाद वाटायला हरकत नाही." हशा होतो. धाकटाही हसतो आणि हसता हसता म्हणतो, "नाही सर, आज कुर्ल्याला सिग्नल गेला होता, वीस मिनिटं गाडी जागेवर होती." मग खुर्ची ओढून बसतो.

याचं हसणं खरं की नुसतंच तोंडावरचं? याचा माग पॉल ड्रू यांनी 1987 साली ध्वनिमुद्रित संभाषणांतून काढला होता. ज्यांची चेष्टा होते ते ती चेष्टा आहे हे ओळखतात, पुष्कळदा हसतातही, पण उत्तर देतात ते गंभीर. ते वस्तुस्थिती दुरुस्त करायला लागतात. कुर्ल्याचा सिग्नल म्हणजे हेच. ज्या क्षणी समोरचा खुलासा देऊ लागतो, त्या क्षणी समजावं की विनोद विनोद म्हणून पोचलाच नाही, आरोप म्हणून पोचला. हशाच्या आवाजावर काही ठरत नाही. हसल्यानंतरचं पहिलं वाक्य ऐकावं. तेही नसेल तर डोळे बघावेत. ज्याला गंमत वाटली तो बोलणाऱ्याकडे बघून हसतो. ज्याला लागलं तो बाकीच्यांकडे बघतो, कोण कोण हसतंय ते पाहायला.

पुढच्या मंगळवारी दोन गोष्टी होऊ शकतात. तो दहा पंचविसालाच येऊन बसेल, पण बैठकभर तोंड उघडणार नाही. किंवा अकराला येईल आणि दारातूनच म्हणेल, "प्रसाद उरलाय ना सर?" पुन्हा हशा. ही दुसरी गत जास्त वाईट, आणि लोकांच्या ती लवकर ध्यानात येत नाही. विनोदाला विनोदानं उत्तर मिळालं आणि मुद्दा हवेत विरला. आता उशिरा येणं ही त्या बैठकीतली एक चालू गंमत झाली. प्रमुखांना यापुढे गंभीरपणे बोलायचं तर आधी 'ती गंमत नव्हती' हे कबूल करावं लागेल. मस्करीची कुस्करी होते म्हणतात ती अशी. टीका हसण्यावारी न्यायची सोय बोलणाऱ्यानंच करून दिलेली असते, ऐकणारा ती वापरतो इतकंच.

तेच वाक्य थोडं हलवून पाहू. पहिला बदल माणसांचा. आठ जणांसमोर न बोलता, बैठक संपल्यावर चहाच्या टपरीवर दोघंच असताना "काय रे, प्रसादालाच उगवतोस अलीकडे" एवढं म्हटलं, तर वजन निम्म्यावर येतं, कारण हसायला तिथं प्रेक्षक नाहीत. दुसरा बदल विनोदाच्या निशाण्याचा. "मी स्वतः अक्षता पडून गेल्यावर मंगल कार्यालयात पोचणारा माणूस, त्यामुळे मला बोलायचा हक्क नाही, तरी बोलतो." इथं हसू बोलणाऱ्यावर आहे. तिसरा बदल सगळ्यांत महत्त्वाचा: विनोदामागून लगेच एक साधं वाक्य यायला हवं, विनोद नसलेलं. "साडेदहाला जमत नसेल तर सांग, आपण अकराची वेळ करू. पण ठरलेल्या वेळेला मला तू हवास, सुरुवातीचे आकडे तुझ्याकडेच असतात." आता बाहेर पडायला त्याला दोन दारं आहेत: वेळ बदलून मागायची, नाहीतर वेळेवर यायचं. दोन्हींत मान शाबूत. आणि उशीर बोलला गेला का, तर गेला.

क्रम उलटा मात्र करू नये. आधी साधं वाक्य बोलून मग घाबरून विनोद जोडायचा ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. "पुढच्या वेळी वेळेवर ये. नाहीतर काय, आम्ही प्रसाद राखून ठेवूच म्हणा, हॅ हॅ!" शेवटचं वाक्य मागच्याला खोडतं. ऐकणारा कोणतं घेऊन घरी जाईल याचा नेम नसतो, बहुधा हलकंच घेऊन जातो.

मराठीतली आणखी एक खोड इथं सांगायलाच हवी, ती म्हणजे आदर वाढवून मारणं. एरवी 'अरे'वर असलेल्या माणसाला अचानक "या महाराज", "साहेबांना सवड मिळाली वाटतं", "आपण कशाला त्रास घेतलात" असं म्हटलं की खोली गार पडते. आई मुलाला "काय हो, उठलात का?" म्हणते तेव्हा घड्याळात साडेनऊ वाजून गेलेत हे मुलाला पांघरुणातच कळतं. आईचं चालतं, कारण पाच मिनिटांत ती पुन्हा 'अरे'वर येते आणि पुढ्यात पोहे ठेवते. कार्यालयात हा आदर दिवसभर तसाच टिकतो, आणि टिकलेला खोटा आदर म्हणजे दुरावा. याउलट, आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत ही किती मोठी सोय आहे! "आपल्याला ही तारीख पाळायला हवी" यात बोलणारा ऐकणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. फक्त ते खरं असावं. ज्याचं काम सगळं एकट्या धाकट्यानंच करायचं आहे, त्याला 'आपण' म्हटलं की तोही एक टोमणाच होतो.

आडून बोलण्याची मराठीतली सगळ्यांत प्रसिद्ध रीत म्हणजे लेकी बोले सुने लागे. तिची रचना बघण्यासारखी आहे. बोलणं लेकीशी चाललंय, म्हणून उत्तर द्यायचा हक्क लेकीचा. ज्या सुनेसाठी ते आहे ती रीतसर ऐकणारी नाहीच. तिनं उत्तर दिलं तर "तुला कोण बोललं?" हे तयार असतं. बोलणाऱ्याची पळवाट पक्की, ऐकणाऱ्याला मात्र भिंत. तरी या रीतीला नुसतीच दुष्ट म्हणता येणार नाही. सुनेला 'मी ऐकलंच नाही' असं दाखवून दुसऱ्या दिवशी गुपचूप सुधारायची मुभाही तिच्यातच होती, आणि एका घरात चाळीस वर्षं काढायची असतील तर ती मुभा लहान नव्हे. पण म्हण सगळ्यांना पाठ झाली तिथं आडोसा संपला. आता लेकीशी बोललेलं लेकीलाही कळतं की आपल्यासाठी नाही, आणि ती बिचारी मध्येच अवघडते.

चेष्टेचा हक्क नात्यानं मिळतो, हेही आपल्या घरांत नीट आखलेलं असे. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी 1940 साली अशा नात्यांवर लिहिलं: काही नात्यांत चिडवायची मुभा असते आणि चिडवून घेणाऱ्यानं रागवायचं नसतं, तर काहींत उलट अंतर राखायचं असतं. धाकट्या दिरानं वहिनीच्या आमटीला नावं ठेवावीत, वहिनीनं त्याच्या मिशांना. थोरल्या दिरानं तेच वाक्य बोललं तर ते बोलणं होतं. मेहुण्यांचं, व्याह्यांचं तेच. त्या मुभेमागे कारण असे. ज्या नात्यांत खटका उडायची भीती आहे आणि तोडायची सोय नाही, तिथं लुटुपुटीचं भांडण खऱ्या भांडणाची जागा घेई. आज दीर-वहिनीची ती मुभा आपण वरिष्ठ आणि कनिष्ठात आणतो आणि विसरतो, की तिथं परतफेड नाही. वहिनी उलट चिडवू शकत होती. कनिष्ठानं प्रमुखांच्या टकलावर तसाच विनोद करून पाहावा! ज्या चेष्टेला उलट चेष्टा चालत नाही, ती चेष्टा म्हणून मोजूच नये.

विनोद कडू गोळीवरची साखर आहे की जखमेवरचं मीठ, यावर अभ्यासकांमध्येही एकमत नाही. शेली ड्यूज आणि एलन विनर यांच्या 1995 सालच्या कामातून असं दिसलं, की "वा, काय छान!" असं उपरोधानं म्हणताना 'छान' या शब्दाचा थोडा रंग टीकेला लागतो आणि ती फिकी पडते. दोन वर्षांनी हर्बर्ट कोल्स्टन यांना उलटं आढळलं: उपरोधिक टीका सरळ टीकेपेक्षा जास्त निषेधाची वाटते. मला दोन्ही पटतात. चूक किरकोळ, दोघं बरोबरीचे आणि ऐकणाऱ्याला काही किंमत मोजावी लागत नाही, तिथं साखर. ज्याचं नुकसान झालंय त्यालाच 'छान केलंत' म्हटलं, तर मीठ.

म्हणून कशावर विनोद करायचा याची हद्द आखताना एक साधी कसोटी चालते. ऐकणाऱ्याला ती गोष्ट उद्या सकाळपर्यंत बदलता येईल का? मीठ बदलता येतं, वेळ पाळता येते, टेबलावरचा पसारा आवरता येतो. वजन, रंग, पगार, पोरांचे गुण, 'गोड बातमी कधी' हे बदलता येत नाही. तिथला विनोद टीका म्हणूनही निरुपयोगी, कारण तो ऐकून करण्यासारखं काहीच नसतं.

आणि शक्य तो लिहून करू नये. 2005 साली जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं सांगायला लावली, काहींना आवाजात, काहींना ई-मेलवर. सांगणाऱ्यांचा अंदाज होता की 78 टक्के वाक्यं समोरच्याला बरोबर कळतील. आवाजात 73 टक्के कळली, ई-मेलवर 56, आणि नाणं उडवूनही 50 जमली असती. लिहिताना आपला सूर आपल्याला डोक्यात ऐकू येत असतो, तो पडद्यावर उतरत नाही. "वा! वर्गणी भरायची आठवण झाली वाटतं 😀" हे सोसायटीच्या गटात टाकणाऱ्या चिटणिसाला स्वतःचं हसू ऐकू येतं. वाचणाऱ्याला दिसतात ते गटातले साठ शेजारी.

लागलंच कुणाला, तर? पहिला मोह "अगं, गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतेस!" म्हणण्याचा होतो. या वाक्यात चूक बोलणाऱ्याकडून निघून ऐकणारीच्या गळ्यात पडते: तिला गंमत कळत नाही. गॉफमन यांनी मोडलेलं तोंड सांधायच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. कुणीतरी चूक दाखवून देतं, चुकणारा भरपाई देऊ करतो, दुखावलेला ती स्वीकारतो आणि चुकणारा त्याबद्दल आभार मानतो. 'गंमत केली' हे दुसऱ्या पायरीवरून मागं पळणं आहे. त्यापेक्षा त्याच दिवशी, एकांतात, विनोद आणि मुद्दा वेगळे करावेत: "सगळ्यांसमोर प्रसादाचं बोलायला नको होतं, ते माझं चुकलं. वेळेबद्दल मात्र आपण बोलू." विनोद मागे घेतला, मुद्दा ठेवला. दोन्ही एकदम मागे घेतले तर महिन्याभरात तोच प्रसंग पुन्हा येतो. जखम आठ जणांसमोरची असेल तर एकांतातली दिलगिरी अर्धीच पुरते. उरलेलं अर्धं पुढच्या बैठकीत त्याच आठ जणांसमोर द्यावं लागतं, दिलगिरी म्हणून नव्हे, "हे आकडे तूच सांग, तुला नीट माहीत आहेत" अशा कामाच्या वाक्यातून.

आमटीकडे परत येऊ, कारण तिथं पाचवी शक्यता राहिली. वाढणारी स्वतःच आधी म्हणते, "आज मीठ माझ्या हातून सांडलंय हं, ताक घ्या बरोबर." स्वतःची चूक स्वतः सांगून तिनं सगळ्यांचं काम हलकं केलं. आता बाकीच्यांचं कामही ठरलेलं आहे. अनिता पॉमरन्झ यांनी 1984 साली दाखवलं, की कुणी स्वतःला नावं ठेवली तर समोरच्यानं ती खोडून काढावीत अशीच अपेक्षा असते, आणि नुसतं गप्प राहिलं तरी ते दुजोऱ्यासारखं ऐकू येतं. म्हणून तिघं एकदम म्हणतात, "छे, भाताबरोबर कळतही नाही." पाहुणा तेवढा ताकाची वाटी पुढे करतो आणि म्हणतो, "हो, थोडी खारटच आहे. उकळताना एक बटाटा सोडायचा होता."

सगळे आपापल्या पानाकडे बघायला लागतात.